ऑटोमॅटिक घड्याळाची तारीख रात्री का बदलू नये? नेमकं आत काय बिघडतं?

रानवाटा

बाबांनी मस्कतला नोकरीला असताना घेतलेलं सेको ५ आता मी वापरतो. आत ७एस२६ मशीन आहे, तारीख आणि वार दोन्ही आहेत. परवा ३० नोव्हेंबरच्या रात्री बारा वाजून गेल्यावर खिडकीत ३१ आला. उद्या सकाळी विसरायला नको म्हणून तेव्हाच चावी एक टप्पा ओढून १ करणार होतो, तेवढ्यात बाबा ओरडले, "रात्री हात लावू नकोस, सकाळी बदल." का, ते त्यांनाही सांगता आलं नाही. घड्याळवाल्याने त्यांना फार पूर्वी बजावलं होतं, एवढंच.

माहितीपुस्तिकेत पाहिलं तर रात्री ९ ते पहाटे ४ या वेळेत तारीख-वार बदलू नका असं स्पष्ट लिहिलंय. पण कारण नाही. माझे प्रश्न दोन. चावी पहिल्या टप्प्यावर असताना काटे हलतच नाहीत, मग तारखेचा आणि वेळेचा संबंध येतो कुठे? आणि आकडा तर अकराच्या आसपास सरकायला लागतो, मग ९ पासूनच बंदी कशासाठी?

तिसरा_काटा

सोपं आहे. बाराला तारीख बदलते तेव्हा आतली चाकं एकमेकांत अडकलेली असतात. त्याच क्षणी तुम्ही चावी फिरवलीत तर सायकलच्या फिरत्या चाकात काठी घातल्यासारखं होतं. ११:४५ ते १२:१५ एवढी वेळ टाळली की झालं. ९ ते ४ वगैरे कंपन्या स्वतःच्या बचावासाठी लिहितात. आणि हा प्रश्न स्वस्त घड्याळांचा, महागड्या स्विस घड्याळांत असलं काही नसतं.

जुना_लंबक

तिसरा_काटा, चाकं अडकलेली असतात हे बरोबर. पण अर्धा तास नाही, आणि स्वस्त-महाग असा भेदही नाही. मी दुरुस्तीच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

डायल काढली की खाली तारखेची गोल चकती दिसते. तिच्या आतल्या कडेला ३१ दाते असतात. एक छोटी स्प्रिंगची पट्टी दोन दात्यांच्या मध्ये टेकून बसलेली असते. आकडा खिडकीच्या मधोमध राहतो तो तिच्यामुळे. आता चकतीला ढकलायला एक वेगळं चाक असतं, ते तासकाट्याच्या चाकावरून चालतं. तासकाटा दिवसात दोन फेऱ्या मारतो, हे चाक एकच. त्याला एक बोट असतं. दिवसभर ते बोट मोकळ्या जागेतून फिरतं आणि रात्री दात्यांच्या रांगेत शिरतं, एका दात्याला मागून ढकलत नेतं. दाता पुरेसा पुढे गेला की ती पट्टी पुढच्या खाचेत घसरते आणि आकडा जागेवर बसतो.

चोवीस तासांत एक फेरी म्हणजे तासाला १५ अंश. इतक्या सावकाश चालणारं बोट दात्यांमध्ये शिरून, एक दाता ढकलून बाहेर पडायला काही तास घेणारच. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. बोट खाचेत उतरतं आधी, दात्याला टेकतं नंतर. आकडा हलताना तुम्हाला दिसतो तो टेकल्यानंतर. त्याआधीचा तास-दीड तास वरून सगळं शांत दिसतं, पण बोट दोन दात्यांच्या मध्ये असतं. ९ ही वेळ त्यासाठी आहे. त्यात प्रत्येक घड्याळात काटे बसवताना होणारा थोडा फरकही धरलेला असतो.

आता पहिला प्रश्न. पहिल्या टप्प्यावर चावी काट्यांना सोडते आणि एका वेगळ्या छोट्या चाकाला धरते. ते चाक तारखेच्या चकतीला थेट फिरवतं. म्हणजे एकाच चकतीला दोन मालक झाले, एक तुमची चावी आणि दुसरं ते बोट. दिवसा बोट बाहेर असतं, भांडण नाही. रात्री ते खाचेत असताना तुम्ही चकती पुढे सरकवलीत, की बोटाच्या मागचा दाता येऊन बोटाच्या पाठीवर आपटतो. बोटाला सुटायचं तर पुढे पळायला हवं. पण ते काट्यांच्या चाकांना जोडलेलं आहे. बोट थोडं पुढे सरकायचं तर मिनिटकाट्याला त्याच्या चोवीसपट फिरावं लागेल. एवढं जड ओझं ते ओढू शकत नाही, म्हणून जागेवर अडून राहतं. मग जे सर्वांत कच्चं असेल ते जातं. कधी बोट वाकतं किंवा तुटतं, कधी चकतीचा दाता जातो, तर कधी चावीकडच्या त्या छोट्या चाकाचे दाते झिजतात.

घाटमाथा

लंबककाका, माहिती पटली, पण अनुभव वेगळा आहे. माझं ऑटोमॅटिक कॉलेजपासून हातात आहे. रात्री झोपताना, म्हणजे साडेदहा-अकराला, मी बिनधास्त तारीख बदलतो. आजपर्यंत काही झालेलं नाही. तुम्ही म्हणता तसं दरवेळी तुटत असतं तर माझं केव्हाच मोडायला हवं होतं.

जुना_लंबक

दरवेळी तुटत नाही, हे खरंच आहे. बऱ्याच मशीनमध्ये ते बोट ताठ नसतं. ते स्प्रिंगसारखं लवचिक केलेलं असतं किंवा त्याची पाठ उतरती असते. मागून दाता आला की बोट दबतं, दाता वरून घसरून जातो आणि बोट परत उभं राहतं. तुमच्यात तसं असणार. फक्त ते प्रत्येक वेळी दबतं आहे आणि त्या दाबाचा थोडा थोडा हिशोब साठतो आहे. तुम्ही किती जोरात फिरवता, बोट नेमकं किती आत आहे, तेल सुकलंय का, यावर ते किती टिकेल हे ठरतं. मी तुम्हाला तारीख सांगू शकत नाही.

आणखी एक. त्या रात्री तुम्ही तारीख बदललीत, तर कधीकधी दुसऱ्या दिवशी आकडा बदलतच नाही. असं कधी झालंय का?

घाटमाथा

हो! दोन-तीनदा झालंय. मला वाटलं मीच चुकीचा आकडा लावला.

जुना_लंबक

चुकीचा आकडा नव्हता. बोट ज्या दात्याला ढकलणार होतं तो तुम्ही आधीच पुढे नेलात. त्या रात्री बोटासमोर ढकलायला काही उरलं नाही आणि ते मोकळंच बाहेर पडलं. पुढच्या रात्रीपासून पुन्हा नीट. म्हणून एकदा तारीख बदलली नाही म्हणजे घड्याळ मोडलं असं लगेच समजू नये, दोन रात्री पाहावं.

श्रावणी_सरी

मी हे दोनदा वाचलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. रात्र म्हणजे बाहेरची रात्र नाही, घड्याळाच्या आतली रात्र, बरोबर? कारण मी तर नेहमी सकाळी ऑफिसला निघताना तारीख लावते आणि स्वतःला सुरक्षित समजत होते. माझं शनिवार-रविवार ड्रॉवरमध्ये पडून असतं आणि सोमवारी बंद सापडतं. या सोमवारी ते १०:४० दाखवत होतं आणि तारीख १५. सोमवार १७ होता. काट्यांवरून सकाळचे १०:४० की रात्रीचे हे कसं ओळखायचं?

जुना_लंबक

ताई, धाग्यातला सर्वांत कामाचा प्रश्न तुम्ही विचारलात. बंद पडलेल्या घड्याळात नेमकी हीच चूक होते. बाहेर लख्ख सकाळ असते आणि बोट मात्र रात्रीच्या जागी थांबलेलं असतं.

तुमचंच उदाहरण घेऊ. शुक्रवारी १४ ला संध्याकाळी घड्याळ काढलंत. पूर्ण चावी भरलेली असती तर अशी मशीन साधारण चाळीस तास चालतात, म्हणजे रविवारी सकाळपर्यंत पोचलं असतं आणि तारीख १६ दिसली असती. तुम्हाला १५ दिसते. म्हणजे ते शनिवारी १५ लाच थांबलं, सकाळी किंवा रात्री. एवढ्यावरून ठरत नाही, म्हणून अंदाज करायचाच नाही.

चावी पूर्ण बाहेर ओढा, म्हणजे काटे फिरवायच्या टप्प्यावर. काटे पुढे न्या, हळू, आकड्याकडे बघत. बाराच्या आसपास १५ चा १६ झाला तर ती मध्यरात्र होती, म्हणजे घड्याळ रात्री १०:४० ला थांबलं होतं. नाही झाला तर तो दुपारचा बारा होता, आणखी एक फेरी पुढे न्या म्हणजे आकडा बदलेल. बदलल्यावर न थांबता काटे ६ वर आणा. आता घड्याळाच्या आत पहाटेचे ६ आहेत हे तुम्हाला नक्की माहीत आहे आणि बोट दात्यांपासून दूर आहे. आता चावी पहिल्या टप्प्यावर दाबून तारीख-वार लावा. मग परत पूर्ण ओढून काटे पुढे नेत खरी वेळ लावा. ८:१५ सकाळ हवी असेल तर थेट ८:१५. संध्याकाळ हवी असेल तर दुपारच्या बारावरून पुढे.

तिसरा_काटा

मी तर आदल्या दिवशीची तारीख लावून मग काटे मध्यरात्रीवरून पुढे नेतो. सगळीकडे तसंच सांगतात. तुम्ही थेट आजची लावायला सांगताय?

जुना_लंबक

दोन्ही चालतं. सहा हे पहाटेचेच हे एकदा पक्कं झालं की आजची तारीख थेट लावायला हरकत नाही. आदल्या दिवशीची लावून पुढे नेण्यात फायदा हा, की आकडा आपल्या डोळ्यांसमोर बदलताना दिसतो आणि चूक राहत नाही. मी ग्राहकाला घड्याळ देताना तसंच करायचो. ताईंच्या उदाहरणात तर रात्रीचे १०:४० असतील तर आकडा आपोआप १६ वर आलेला असतो. तारखेला हात न लावता आणखी एक पूर्ण दिवस काटे फिरवले की १७.

कोकणी_काका

माझ्या घड्याळाची तारीख दुपारी बारा वाजता बदलते. यातलं काय तुटलं असेल? घड्याळ गेल्या महिन्यात सेल बदलायला दिलं होतं.

रानवाटा

काका, तुमचं सेलवरचं दिसतंय, पण कारण यातलंच असावं. काही तुटलेलं नाही. काटे लावताना सकाळ-संध्याकाळची अदलाबदल झाली आहे. काटे बारा तास पुढे न्या, मग तारीख बघून घ्या. लंबककाका, बरोबर ना?

जुना_लंबक

अगदी बरोबर. काका, फक्त त्याआधी तारखेला हात लावू नका, काटे फिरवूनच करा. तुमच्या सकाळी साडेदहाला आत रात्रीचे साडेदहा चालू आहेत. आणि हो, सेलवरच्या घड्याळांतही तारीख चाकांनीच चालते, त्यामुळे हीच काळजी तिथेही.

कोकणी_काका

धन्यवाद मंडळी. झालं. आज रात्री जागून बघतो.

आखातातला_मराठी

माझ्या सेकोत वार इंग्रजी आणि अरबी आहे. एकदा पहाटे दोनच्या सुमाराला पाहिलं तर खिडकीत अर्धा अरबी वार दिसत होता. सकाळी उठलो तर व्यवस्थित इंग्रजी. आतमध्ये काही सैल झालंय का? तेव्हापासून मी तारीख-वाराला हातच लावत नाही.

जुना_लंबक

काही सैल नाही. वाराच्या चकतीवर दोन भाषांचे मिळून चौदा वार एकाआड एक छापलेले असतात. रोज रात्री चकती दोन घरं पुढे जाते, म्हणून मध्ये काही वेळ दुसऱ्या भाषेतला वार दिसतो. वाराचं बोट तारखेनंतर काम करतं. रानवाटांच्या पुस्तिकेत पहाटे ४ पर्यंत बंदी आहे ती या वारासाठी. नुसती तारीख असलेल्या घड्याळांत ही वेळ बहुतेक लवकर संपते. आपल्या पुस्तिकेत जी वेळ आहे ती पाळायची, दुसऱ्याच्या मशीनची नाही.

तिसरा_काटा

काका, स्विस घड्याळांबद्दल मात्र मी ठाम आहे. काहींची तारीख हळूहळू सरकत नाही, बरोबर बाराला टक् करून उडी मारते. तिथे बोट तासन् तास अडकून कसं राहील?

जुना_लंबक

उडी एका क्षणात होते, पण उडीची तयारी संध्याकाळपासून चालू असते. अशा मशीनमध्ये एक स्प्रिंग कित्येक तास हळूहळू ताणली जाते आणि बाराला सुटते. ताणलेली असताना चावीने चकती फिरवणं तिथेही घातक. बाहेरून टक् दिसतं म्हणून आत शांतता आहे असं नाही.

पण तुमचं थोडं बरोबर आहे. बंदीची वेळच नाही अशी मशीनही बनली आहेत. रोलेक्सचं २०१५ मध्ये आलेलं ३२३५ तसं आहे, त्यात दिवसाच्या कुठल्याही वेळी तारीख बदलता येते. त्याच रोलेक्सच्या १९७७ पूर्वीच्या घड्याळांत चावीने तारीख वेगळी बदलायची सोयच नव्हती, काटेच फिरवावे लागत. जिथे ती सोय नाही तिथे हा विशिष्ट धोकाही नाही. म्हणजे प्रश्न किमतीचा नाही, आतली रचना कोणती हा आहे.

माळरान

उशिरा येतोय. माझ्या भावाने नेमकं हेच करून ठेवलंय. ऑटोमॅटिक आहे, कंपनीचं नाव राहू दे. ३० तारखेच्या रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी त्याने ३१ चा १ केला. तो म्हणतो, चावी जरा जड लागली, मग 'कट्' असं झालं आणि सुटली. आता चावीने तारीख छान फिरते, पण रात्री आपोआप बदलत नाही. तीन रात्री पाहिलं. काय गेलं असेल?

जुना_लंबक

३० दिवसांच्या महिन्यानंतरची रात्र हीच सर्वांत वाईट. डोळ्यांसमोर ३१ येतो आणि हात शिवशिवतो. आकडा बसला म्हणजे काम झालं असं वाटतं, पण बोट अजून दात्यांमधून बाहेर पडलेलं नसतं.

तुम्ही सांगितलेल्या खुणेवरून बोट गेलं असावं. चावीने फिरते म्हणजे चावीकडचं चाक शाबूत आहे. आपोआप बदलत नाही म्हणजे ढकलणारं शाबूत नाही. याच्या उलट असतं, म्हणजे रात्री बदलते पण चावीने फिरत नाही, तर चावीकडच्या छोट्या चाकावर संशय. आणि महिन्यात ठराविक एकाच आकड्याला अडकते, बाकी दिवस ठीक, तर चकतीचा एखादा दाता.

माझ्याकडे अगदी असंच एक आलं होतं. काटे, डायल, चकती काढली. बोटाचं टोक तुटलेलं होतं, ते समजलं. पण तुटलेला तुकडा दिसेना. तो शोधल्याशिवाय घड्याळ बंद करायचं नाही. शेवटी लूप लावून बघितलं तर काट्यांच्या चाकाजवळ तेलात चिकटून बसला होता. तो तिथून एखाद्या चाकाच्या दात्यांत गेला असता तर अख्खं घड्याळच थांबलं असतं. ढकलणारं चाक बदललं, चकतीचे दाते तपासले, एका दात्याची कड गोल झाली होती पण काम करत होती, ती तशीच ठेवली.

म्हणून भावाला सांगा, घड्याळ फार हलवू नका आणि चालू ठेवू नका. कोणाकडे दिलंत तर "तुटलेला तुकडा सापडला का?" हे विचारा.

माळरान

तो तुकड्याचा मुद्दा आमच्या लक्षातच आला नसता. उद्याच देतो.

श्रावणी_सरी

एक शंका राहिली. आकडा बदलेपर्यंत काटे पुढे नेण्यापेक्षा उलटे फिरवून ६ वर आणले तर? १०:४० वरून ६ जवळ पडतं.

तिसरा_काटा

उलटं चालतं, मी करतो. मागे आणताना मध्यरात्र ओलांडायचीच नाही, मग धोका कसला?

जुना_लंबक

रात्रीचे १०:४० असतील तर मागे येताना बोट खाचेतून उलटं बाहेर काढावं लागतं. लवचिक बोट किंवा उतार असलेल्या मशीनमध्ये ते निघतं. जुन्या, ताठ बोटाच्या मशीनमध्ये मी ते करणार नाही. शिवाय मागे आणून तुम्हाला सकाळचे ६ की संध्याकाळचे ६ हे कळतच नाही. संध्याकाळी ६ ला बोट बाहेर असतं म्हणून तोटा नाही, पण नंतर तारीख दुपारी बदलायला लागली की परत कोकणी काकांसारखं होतं.

घाटमाथा

इथे मी काकांशी पूर्ण सहमत नाही. काही उत्पादक काटे उलटे फिरवायला स्पष्ट परवानगी देतात. सरसकट घाबरवायचं कारण नाही.

जुना_लंबक

पुस्तिकेत परवानगी असेल तर जरूर फिरवा, मी अडवणार नाही. माझं म्हणणं ज्यांच्याकडे पुस्तिका नाही, मशीन कोणतं ते माहीत नाही, त्यांच्यासाठी आहे. आजोबांच्या कपाटातून निघालेली एचएमटी ऑटोमॅटिक इथे अनेकांकडे असतील.

रानवाटा

काकांनी सांगितल्यावर मी आज घड्याळाची तपासणी केली. चावी पूर्ण ओढून सकाळी ६ पासून काटे हळूहळू पुढे नेले, पूर्ण चोवीस तासांचे. दुपारच्या बाराला काहीच नाही. रात्री साडेदहापर्यंत आकडा स्थिर. अकराला बारकाईने पाहिलं तर आकड्याची वरची कड खिडकीच्या चौकटीला लागायला आली होती. बारा वाजून सात-आठ मिनिटांनी नवा आकडा बसला. वार मात्र दोन वाजता अर्धा अरबी, साडेतीनला पूर्ण इंग्रजी. पुस्तिकेतली वेळ माझ्या घड्याळाला चपखल बसते.

एक प्रश्न अजून आहे. वाराचं बोट आत असताना चावी उलट्या दिशेने फिरवून फक्त तारीख बदलली, वाराला हात लावला नाही, तर चालेल का? पहाटे तीनला तारखेचं बोट तर बाहेर आलेलं असेल ना?

जुना_लंबक

तर्क बरोबर आहे, बहुधा चालेल. पण दोन्ही चकत्या एकाच चावीवर आहेत आणि एका टप्प्यावर डावीकडे-उजवीकडे एवढाच फरक आहे. झोपेत दिशा चुकली तर वाराचं बोट जाईल. पहाटे तीनला तारीख बदलायची इतकी निकड मला तरी कधी पडली नाही. साडेचारला उठणारे कोणी असतील तर त्यांनी प्रयोग करून इथे लिहावं.

आखातातला_मराठी

मी पहाटेच्या शिफ्टला पावणेपाचला निघतो. १ जानेवारीला गरज नाही, डिसेंबर ३१ चा आहे. १ मार्चला बघून सांगतो.